घरच्या ऑफिससाठी प्रिंटर: पानाचा दर नंतर विचारा, आधी कॅलेंडर बघा



प्रिंटरवरचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, घरून काम सुरू करतोय, इंक टँक घेऊ की लेझर?" आणि त्याखाली लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, इंक टँकला दहा पैशात पान पडतं, विषय संपला. दुसरी म्हणते, शाईचं हेड वाळतं, लेझरला टेन्शन नाही, विषय संपला. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात, पण दोघंही समोरच्याचं काम काय आहे ते विचारत नाहीत.

माझं स्वतःचं दुकान आहे, रोज प्रिंट काढणारी आणि प्रिंटर दुरुस्तीला नेणारी माणसं बघतो. त्यावरून माझं मत असं झालंय: मिश्र काम असेल, म्हणजे काळं जास्त आणि रंगीत थोडं पण नियमित, तर इंक टँकच घ्या, मात्र काळी शाई पिगमेंटची असलेला. आणि रंगीत काम नावापुरतं असेल, मध्येच पंधरा पंधरा दिवस प्रिंटर बंद राहणार असेल, तर साधा काळा लेझर घ्या. हे का, ते एका खऱ्यासारख्या हिशेबातून दाखवतो.

मिरजेच्या ताईंचं काम

समजा मिरजेतल्या एक ताई आहेत. घरातल्या एका खोलीत टेबल टाकून दुकानदारांचं हिशेब लिहिणं, जीएसटी रिटर्न आणि कर्जासाठीचे प्रोजेक्ट रिपोर्ट असं काम करतात. सीएमईजीपीसारख्या योजनेत अर्ज करणारी पोरंही त्यांच्याकडे येतात. आता रिटर्न तर ऑनलाइन भरलं जातं, मग प्रिंट कशाला? तर चलनाच्या प्रती, पार्टीच्या फाइलला लावायचे कागद, कोटेशन, बँकेत द्यायचा रिपोर्ट, मध्येच कोणाचे तरी पासपोर्ट फोटो. हे झालं मिश्र काम.

त्यांनी महिनाभर एका वहीत तीनच रकाने भरले असं धरू: तारीख, काळी पानं, रंगीत पानं. महिनाअखेरीस बेरीज आली काळी ३३० आणि रंगीत ६०. रंगीत म्हणजे रिपोर्टचं मुखपृष्ठ, तक्ते, लोगो असलेलं कोटेशन.

पण वहीत बेरजेपेक्षा मोठी गोष्ट दिसली. प्रिंट रोज सारखी निघत नव्हती. दरमहा भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ ११ तारखेला आणि ३बी २० तारखेला असतं, म्हणून सगळी गर्दी ८ ते २० मध्ये. २१ पासून पुढच्या महिन्याच्या २-३ तारखेपर्यंत प्रिंटर जवळजवळ झोपलेला. म्हणजे सलग बारा दिवस.

हे बारा दिवस लक्षात ठेवा. प्रिंटरच्या निर्णयात दर पानामागच्या पैशांइतकंच वजन या रिकाम्या दिवसांना आहे, आणि नेमकं तेच कोणी मोजत नाही.

आता पैशाचा हिशेब, पण दोन्ही बाजूंनी सारखाच

कंपनी जेव्हा सांगते की बाटलीत ४,५०० पानं निघतात, तेव्हा ते पान म्हणजे पाच टक्के शाई लागलेलं पान. मोकळं पत्र, वर दोन ओळी, खाली सही, असं काहीसं. आपलं बिल म्हणजे चौकटी, लोगो, ठळक आकडे. त्याला शाई जास्तच लागते. म्हणून मी काळ्या पानासाठी दीडपट धरतो आणि रंगीत रिपोर्टसाठी चौपट. आणि हीच दीडपट लेझरलाही लावायची, नाहीतर हिशेब एकतर्फी होतो. जाहिरातीतला शाईचा आकडा आणि दुकानातला टोनरचा अनुभव अशी तुलना करणारे खूप लोक आहेत.

खालचे दर मी सोयीसाठी धरलेत. तुमच्या गावातला भाव विचारून त्या जागी टाका, रीत तीच राहील.

काळ्या शाईची बाटली ४०० रुपये, ४,५०० पानं. म्हणजे पानाला साधारण ९ पैसे. दीडपट केलं तर साडेतेरा. ३३० पानांचे झाले ४५ रुपये. रंगाच्या तीन बाटल्या १,२०० रुपये, ७,५०० पानं, म्हणजे १६ पैसे, वर काळ्याचे ९, असे २५ पैसे. चौपट म्हणजे एक रुपया. ६० पानांचे ६० रुपये. हेड साफ करण्यात जी शाई वाया जाते तिचे २५ रुपये धरा. एकूण महिन्याला १३० रुपये.

आता लेझर. कंपनीचं टोनर ३,००० रुपये, २,००० पानं. पानाला दीड रुपया, दीडपट म्हणजे सव्वादोन. ३३० पानांचे साडेसातशेच्या आसपास. रंगीत ६० पानं बाहेरून दहा रुपयाने काढली तर ६००. एकूण १,३५० च्या जवळ.

इथे लोक म्हणतात, "बघा, लेझर दहापट महाग!" थांबा. आपल्याकडे बहुतेक जण टोनर रिफिल करतात. ३०० रुपयांत रिफिल आणि १,५०० पानं धरली तर पान २० पैसे, दीडपट ३० पैसे. ३३० पानांचे झाले ९९ रुपये. म्हणजे काळ्या पानातला फरक महिन्याला पन्नास-पंचावन्न रुपयांवर आला. उरले ते बाहेरच्या रंगीत पानांचे ६०० रुपये.

म्हणजे मुद्दा काय निघाला? रिफिल करणार असाल तर काळी पानं या लढाईत निकाल देत नाहीतच. निकाल रंगीत पानं देतात. ताईंची ६० रंगीत पानं आहेत म्हणून इंक टँक जिंकतो. समजा त्यांची रंगीत पानं महिन्याला पाचच असती, तर लेझरचे ९९ अधिक बाहेरचे ५० असे १४९ रुपये, आणि इंक टँकचे ४५, ५ आणि २५ असे ७५ रुपये. फरक महिन्याला ७४ रुपये, वर्षाला नऊशेच्या आत. हेड चोक झालं आणि दुरुस्तीवाल्याकडे एक चक्कर पडली, तर ही वर्षाची बचत एका दिवसात जाऊ शकते. अशा माणसाला मी इंक टँक देणार नाही, गल्ल्यावर नफा जास्त सुटत असला तरी.

हेड वाळतं म्हणजे नक्की काय होतं

इंक टँकमध्ये शाई पातळ असते आणि ती केसापेक्षाही बारीक छिद्रांतून कागदावर उडते. ती छिद्रं उघडी राहिली की शाईतलं पाणी उडतं आणि तोंडाशी शाई घट्ट होते. मशीन बंद करताना हेड एका बाजूला जाऊन रबराच्या टोपीवर बसतं, म्हणजे हवा लागत नाही. पण हे तेव्हाच नीट होतं, जेव्हा तुम्ही मशीनचं स्वतःचं बटण दाबून ते बंद करता. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला, किंवा छपाई चालू असतानाच लाइट गेली, तर हेड मध्येच अडकून उघडं राहू शकतं. आपल्याकडे मे महिना, वर भारनियमन. दोन्ही एकत्र आलं की ही मशीन दुरुस्तीला येतात.

ताईंच्या बारा दिवसांवर उपाय सोपा आहे. दर शनिवारी एक पान काढायचं, ज्यात काळा, निळा, लाल, पिवळा असे चारही रंग असतील. फक्त काळं पत्र काढून भागत नाही, कारण तेव्हा रंगाची छिद्रं तशीच बसून राहतात. हे पान रुपयाचं आहे. वर्षाला बावन्न रुपये. प्रिंटरचा विमा समजा.

तरीही छपाईत आडव्या पांढऱ्या रेघा यायला लागल्या, किंवा एखादा रंगच गायब झाला, तर आधी मशीनच्या मेनूतून नोझल चेकचं पान काढा. त्यात रेघांची जाळी येते. जाळी तुटलेली दिसली तर हेड क्लीनिंग करा, परत चेक करा. असं दोन-तीनदा करूनही जमलं नाही तर थांबा. मशीन बंद करून बारा तास तसंच ठेवा, मग परत करा. लोक इथे चिडून एकामागे एक दहा वेळा क्लीनिंग मारतात. प्रत्येक वेळी शाई ओढली जाते आणि ती मशीनच्या आतल्या फोमच्या पॅडमध्ये जमा होते. पॅड भरलं की मशीन छपाईच थांबवतं आणि मेसेज दाखवतं. काही मॉडेलमध्ये हा पॅडचा डबा आपणच बदलू शकतो, काहींत सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं. घेतानाच विचारा: "वेस्ट इंकचा डबा बाहेरून बदलता येतो का?" हा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक दुकानदार लक्षात ठेवतो.

आणखी एक. टाकीतली शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नका. नळीत हवा शिरली की मग ती बाहेर काढायला पुन्हा शाईच वाया जाते.

काळी शाई कुठली, हा अर्धा निर्णय

इंक टँक घ्यायचं ठरलं म्हणजे झालं असं नाही. काही मॉडेलमध्ये चारही शाया डायच्या असतात. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. फोटोला तो छान, चमकदार दिसतो. काही मॉडेलमध्ये रंग डायचे, पण काळी शाई पिगमेंटची असते. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसतात, आत झिरपून पसरत नाहीत. अक्षर काळंभोर येतं, पाण्याचा थेंब पडला तरी बऱ्यापैकी टिकतं.

ताईंच्या कामात हे का महत्त्वाचं? कारण त्यांचे कागद बँकेत जातात. तिथे ओला शिक्का बसतो, अंगठ्याची शाई लागते, पावसाळ्यात पिशवी भिजते. डायच्या काळ्या शाईतला आकडा भिजला तर जांभळट ढग तयार होतो, आणि बँकेचा माणूस तो कागद परत करतो. एका परत आलेल्या फाइलीत पूर्ण महिन्याची शाईची बचत जाते, वर पार्टीसमोर इज्जत जाते ती वेगळी.

दुकानात हे तपासायचं असेल तर डेमोच्या मशीनमधून एक काळं पान काढून मागा. दहा मिनिटं थांबा. मग ओलं बोट अक्षरांवरून फिरवा. अक्षर पसरलं तर ती शाई डायची असण्याची शक्यता जास्त. नुसता डाग उमटला आणि अक्षर वाचता आलं तर चालेल. दुकानदाराला राग येणार नाही, आला तर दुसरं दुकान आहे.

या एका बाबतीत लेझर निर्विवाद पुढे आहे. टोनर ही प्लास्टिकची बारीक पूड असते. ती दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखाली कागदावर वितळून बसते. पाण्याने ती हलत नाही. ज्यांचं काम करारनामे, अर्ज, शपथपत्र असंच आहे, रंग लागतच नाही, त्यांनी माझं एवढं वाचून लेझरकडे वळावं.

लेझरच्या बाजूच्या दोन अडचणी ज्या कोणी सांगत नाही

पहिली अडचण विजेची. तो रोलर तापवायला वीज लागते, आणि ती झटक्याने लागते. इंक टँक छापताना पंधरा वॅटच्या आसपास खातो. छोटा लेझर छापताना तीन-चारशे वॅट घेतो आणि तापायला सुरुवात होताना त्याहून जास्त. घरच्या कॉम्प्युटरला लावलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट सांभाळतो. त्याच यूपीएसला लेझर लावला की प्रिंट देताच यूपीएस ओरडतो आणि कॉम्प्युटरसकट सगळं बंद. म्हणून लेझर यूपीएसला लावूच नका, थेट भिंतीच्या प्लगला लावा. मग लाइट गेल्यावर तुमची छपाई बंद. ज्या गावात दिवसाला तीन तास लाइट जाते आणि २० तारीख उद्यावर आहे, तिथे हा छोटा मुद्दा नाही. इंक टँक त्याच यूपीएसवर आरामात चालतो.

दुसरी अडचण कागदाची. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर लेझरमध्ये कधीही घालू नका. त्याच्यावरचा थर उष्णतेने वितळतो आणि रोलरला चिकटतो. मग ती दुरुस्ती खिशाला चांगलीच लागते. घरात भाऊ, मुलं, कोणीही ट्रेमध्ये कागद घालतं, म्हणून फोटो पेपर लेझरजवळ ठेवूच नये. पासपोर्ट फोटो हे तुमच्या कामाचा भाग असतील तर तो मुद्दा इथेच संपतो, इंक टँक घ्यावा लागेल.

बाकी लेझर बिघडला तर तो सांगून बिघडतो. पानावर वरून खाली फिकट पट्टा आला तर टोनर संपत आलंय. कार्ट्रिज काढून आडवं धरून हळू हलवा, अजून थोडी पानं निघतील. ठरावीक अंतराने तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल तर ड्रमवर ओरखडा आहे. पूर्ण पान राखाडी येत असेल तर बहुधा रिफिलची पूड निकृष्ट आहे किंवा आतली पट्टी झिजली. अक्षर नखाने खरवडून निघत असेल तर कागद दमट आहे किंवा रोलर पुरेसा तापत नाही. कोकणातल्या मंडळींनी पावसाळ्यात रिम उघडी ठेवू नये, पिशवीत बंद ठेवावी. दमट कागद दोन्ही मशीनला त्रास देतो, पण लेझरमध्ये तो वळतो आणि अडकतो.

मग ताईंनी काय घ्यावं?

इंक टँक, पिगमेंट काळ्या शाईचा, स्कॅनर असलेला, वेस्ट इंकचा डबा बाहेरून बदलता येणारा. ६० रंगीत पानं आणि फोटो हे कारण. बारा दिवसांच्या सुट्टीवर शनिवारचं रंगीत पान हा इलाज. यूपीएसवर चालतो हा फायदा. वेगाने मात्र थोडं नमतं घ्यावं लागेल. घरगुती इंक टँक मिनिटाला दहाएक काळी पानं देतो, छोटा लेझर वीसच्या आसपास. १९ तारखेच्या रात्री पन्नास पानी फाइल काढायची असेल तर पाच मिनिटं आणि अडीच मिनिटं असा फरक पडेल. त्यासाठी महिन्याला पाचशेवर रुपये जास्त द्यावेत असं मला वाटत नाही.

कोणी विचारेल, रंगीत लेझर का नाही? कारण त्यात चार टोनर आहेत. महिन्याला ६० रंगीत पानांसाठी चार टोनरचा खर्च घरच्या ऑफिसला पेलत नाही, आणि फोटो पेपरचा प्रश्न तसाच राहतो.

तुमच्यासाठी काम एवढंच: उद्यापासून तीस दिवस ती तीन रकान्यांची वही ठेवा. नवीन सुरुवात असेल तर सध्या बाहेर प्रिंट काढता त्याच तारखा लिहा. महिन्यानंतर तीन गोष्टी बघा. सर्वात मोठा रिकामा काळ किती दिवसांचा? रंगीत पानं किती? आणि किती कागदांवर शिक्का, सही किंवा पाणी लागायची शक्यता आहे? रंगीत दहाच्या आत आणि रिकामा काळ पंधरा दिवसांपुढे, तर काळा लेझर. रंगीत चाळीस-पन्नासच्या वर आणि शनिवारचं पान काढायची तयारी, तर पिगमेंटचा इंक टँक. मधे कुठेतरी असाल तर स्वतःला खरं उत्तर द्या: दर शनिवारी ते पान तुमच्याकडून निघेल का? निघणार नसेल तर लेझर घ्या आणि रंगीत पान शेजारच्या दुकानातून काढा. त्या दुकानदाराचंही घर चालतं.

वही भरून झाली की तीन आकडे कमेंटमध्ये टाका: काळी, रंगीत, सर्वात मोठा रिकामा काळ. त्यातले काही घेऊन पुढच्या व्हिडिओत मी असाच हिशेब मांडतो.